मुलाखतींनी निर्णय कसा बदलला, हे अर्जात कसं सांगायचं?

आजचा विषय तसा छोटा आहे. यूएक्स रिसर्चरच्या नोकरीसाठी अर्ज करताना एक प्रश्न हमखास समोर येतो. कधी तो अर्जातच असतो, कधी पोर्टफोलिओ दाखवताना समोरचे विचारतात. प्रश्न असा: तुम्ही वापरकर्त्यांच्या मुलाखती घेऊन केलेल्या एखाद्या अभ्यासामुळे प्रॉडक्टचा निर्णय कसा बदलला, ते सांगा. आज फक्त या एका प्रश्नाबद्दल बोलू या.

आम्ही असे अर्ज वाचतो, आणि ते लिहायला शिकवतोही. बहुतेक उत्तरं साधारण अशी असतात: "आम्ही अमुक इतक्या वापरकर्त्यांच्या सखोल मुलाखती घेतल्या. त्यांचं लिप्यंतर केलं. अॅफिनिटी मॅपिंग केलं, पर्सोना तयार केले, जर्नी मॅप काढला. त्यातून महत्त्वाचे निष्कर्ष निघाले आणि टीमने ते स्वीकारले. त्यामुळे वापरकर्त्यांचा अनुभव सुधारला."

यात खोटं काहीच नाही. पण विचारलं होतं ते यात कुठे आहे? निर्णय कोणता होता, तो कोणाच्या हातात होता, मुलाखती नसत्या झाल्या तर काय बांधलं गेलं असतं, यातलं काहीच कळत नाही. स्वयंपाक कसा झाला असं विचारावं आणि कोणी भांड्यांची यादी वाचून दाखवावी, तसं हे झालं. अर्ज वाचणाऱ्याला पद्धती माहीत असतात. त्याला बघायचं असतं ते एवढंच, की या माणसाने लोकांचं ऐकलं आणि त्यामुळे पुढची दिशा वेगळी झाली, अशी साखळी याला दाखवता येते का. ती दिसली नाही, की चांगलं काम केलेल्या माणसाचाही अर्ज मागे पडतो.

ही साखळी दाखवायला आपण एक खरं उदाहरण घेऊ. ते सार्वजनिक आहे, त्याचे अहवाल आणि पुढची मोजमापं सगळ्यांना वाचायला खुली आहेत, आणि ते प्रॉडक्ट आपण सगळेच वापरतो. ते म्हणजे विकिपीडिया.

आधी काय समजलं जात होतं

विकिपीडिया कोणीही संपादित करू शकतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण करतात फार थोडे. इंग्रजी विकिपीडियावर नियमित संपादन करणाऱ्यांची संख्या २००७ च्या सुमारास सर्वांत जास्त होती, नंतर ती घसरत गेली. नवीन लोक खातं काढायचे, पण टिकायचे नाहीत. विकिमीडिया फाउंडेशनसमोर, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेसमोर, हा वर्षानुवर्षांचा प्रश्न होता.

याचं एक कारण अगदी समोर दिसत होतं. विकिपीडियावर लिहायचं तर पूर्वी 'विकिटेक्स्ट' नावाची खुणांची भाषा वापरावी लागायची. ठळक अक्षरांसाठी तीन अवतरणचिन्हं, दुव्यासाठी दुहेरी चौकोनी कंस, तक्ता करायचा तर विचारूच नका. नवा माणूस संपादनाची खिडकी उघडायचा आणि समोर मजकुराऐवजी चिन्हांचं जंगल. मग ओघानेच असं वाटणार, की संपादक सोपा केला, वर्डमध्ये लिहितो तसं लिहिता आलं, की लोक टिकतील.

तो सोपा संपादक आला. त्याचं नाव व्हिज्युअल एडिटर. २०१३ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर ठेवला गेला. पुढे मे २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एक नियंत्रित प्रयोग झाला. नव्या खात्यांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाला व्हिज्युअल एडिटर मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही. अपेक्षा होती की पहिल्या गटातले लोक जास्त काम करतील आणि जास्त टिकतील. तसा लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही.

इथे जरा थांबू या, कारण आपल्या सगळ्या साखळीची पहिली कडी इथे आहे. एक गृहीतक होतं: लोक जातात कारण साधन अवघड आहे. आकड्यांनी एवढंच सांगितलं, की साधन सोपं करून गळती थांबली नाही. मग लोक जातात कशामुळे, याचं उत्तर त्या आकड्यांत नव्हतं, आणि अशा आकड्यांत ते कधीच नसतं. 'का' विचारायची वेळ येते तेव्हा माणसांसमोर जाऊन बसावं लागतं. आपल्या अर्जात मुलाखतींचा उल्लेख इथून सुरू व्हायला हवा. त्या घेतल्या, कारण एक विशिष्ट प्रश्न अडला होता.

अभ्यास

२०१७ मध्ये फाउंडेशनने 'रीबूट' नावाच्या डिझाइन संस्थेबरोबर एक अभ्यास केला. त्याचं नाव 'न्यू एडिटर एक्सपीरियन्सेस', म्हणजे नव्या संपादकांचे अनुभव. इंग्रजीऐवजी त्यांनी दोन मध्यम आकाराचे विकिपीडिया घेतले, कोरियन आणि चेक. हा निवडीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. इंग्रजी विकिपीडिया इतका मोठा आणि जुना आहे, की तिथले नियम आणि तिथली गर्दी ही एक वेगळीच दुनिया आहे. मध्यम आकाराच्या विकिपीडियावर समुदाय असतो, पण मनुष्यबळ कमी असतं. तिथे नवे लोक टिकले तर फरक जाणवतो. आपल्या मराठी विकिपीडियावर कोणी काम केलं असेल, तर त्यांना हे लगेच पटेल.

मुलाखती दक्षिण कोरिया आणि चेक प्रजासत्ताक इथे झाल्या. त्या नुकतंच संपादन सुरू केलेल्यांच्या घेतल्या, तशा अनुभवी संपादकांच्याही घेतल्या. अशा अभ्यासात दोन्ही बाजू लागतात, कारण नवा माणूस सांगतो की "माझं लिखाण उडवलं", आणि अनुभवी माणूस सांगतो की ते का उडवावं लागलं. एकाच बाजूचं ऐकलं तर अर्धीच गोष्ट हाती येते.

आता अशा मुलाखतीत विचारायचं काय, हे थोडं पाहू. "तुम्हाला संपादक सोपा वाटतो का?" असं विचारलं तर माणूस 'हो' किंवा 'नाही' म्हणतो आणि विषय संपतो. "मदतीचं पान दिलं तर वापराल का?" असं विचारलं तर सभ्य माणूस 'हो' म्हणतो. त्या 'हो'ची किंमत शून्य असते. उपयोगाचा प्रश्न असा असतो: "तुम्ही शेवटचं संपादन केलंत तो दिवस आठवा. त्या वेळी काय करत होतात? विकिपीडियावर कसे पोचलात? मग काय केलंत? अडलात तेव्हा कुठे पाहिलंत? आत्ता मला दाखवाल का?" घडून गेलेली गोष्ट, क्रमाने, आणि शक्य असेल तर पडद्यासमोर बसून. माणूस स्वतःच्या मतांबद्दल जे बोलतो त्यापेक्षा त्याने काय केलं, हे जास्त भरवशाचं असतं.

हाती काय आलं

या अभ्यासातून निष्कर्ष बरेच निघाले. आपल्या कामाचा मुख्य निष्कर्ष एक आहे. नव्या संपादकासमोरच्या अडचणी तीन प्रकारच्या असतात, असं दिसलं.

पहिल्या तांत्रिक. खुणा, दुवे, चित्र चढवणं, संदर्भ जोडणं. या आधीपासून माहीत होत्या.

दुसऱ्या संकल्पनेच्या. विकिपीडिया ही नेमकी काय वस्तू आहे, हेच नव्या माणसाला उमगलेलं नसतं. स्वतःला माहीत असलेली गोष्ट लिहायला मनाई का, संदर्भ का मागतात, ज्याच्यावर लेख लिहायचा तो विषय 'उल्लेखनीय' आहे हे कोण ठरवतं, चर्चापान कशासाठी असतं.

तिसऱ्या सांस्कृतिक. तिथे आधीपासून एक समाज आहे, त्याच्या रीती आहेत, बोलण्याची पद्धत आहे. नव्या माणसाला त्या माहीत नसतात. त्याचं पहिलं संपादन कोणीतरी उलटवतं, आणि ते त्याला आपल्यालाच हाकलल्यासारखं लागतं.

हे जिवंत करायला आपण एक काल्पनिक माणूस घेऊ. हा त्या अभ्यासातला नाही, समजण्यासाठी आम्ही उभा केला आहे. एक शिक्षिका आहेत. त्यांच्या गावच्या जुन्या शाळेवर विकिपीडियात लेख नाही, हे त्यांना खटकतं. त्या खातं काढतात आणि पहिल्याच दिवशी नवा लेख लिहायला बसतात. विकिपीडियावरचं हे सर्वांत अवघड काम, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. स्वतःच्या आठवणीतून दोन परिच्छेद लिहितात. संदर्भ एकही नाही. दुसऱ्या दिवशी लेखावर वगळण्याचा साचा लागलेला. त्यांच्या चर्चापानावर एका जुन्या सदस्याने समजावून लिहिलंय, पण चर्चापान नावाची गोष्ट असते हेच त्यांना माहीत नाही, त्यामुळे तो निरोप त्या वाचतच नाहीत. त्या परत येत नाहीत.

आता सांगा, इथे व्हिज्युअल एडिटरने काय केलं असतं? त्यांनी लेख आणखी झटपट लिहिला असता, आणि तो तितक्याच झटपट उडाला असता. टाइप करताना त्यांचं कुठे अडलंच नव्हतं. बिघडलं ते दोन ठिकाणी: पहिलं काम चुकीचं निवडलं गेलं, आणि मदत समोर असून दिसली नाही. २०१५ च्या प्रयोगात फरक का दिसला नसेल, ते आता ध्यानात येतं. तीन कुलपं लावलेल्या दाराचं एकच कुलूप काढलं होतं.

मुलाखतींचं काम नेमकं हेच असतं. किती टक्के लोकांना काय होतं, हे त्या सांगत नाहीत. एखादी गोष्ट कशी घडते, पायरीपायरीने, ते त्या दाखवतात. आकडा अडकून पडतो तिथे ही पायऱ्यांची गोष्ट वाट मोकळी करते.

निर्णय कुठे वळला

२०१८ मध्ये फाउंडेशनमध्ये 'ग्रोथ' नावाची टीम कामाला लागली. नव्या संपादकांना टिकवणं हे तिचं काम. तिने सुरुवात केली ती त्याच दोन विकिपीडियांवर, चेक आणि कोरियन. आणि तिने जे बांधायला घेतलं ते पाहिलं, की वळण स्पष्ट दिसतं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये खातं काढल्याबरोबर विचारले जाणारे काही छोटे प्रश्न आले: तुम्ही खातं कशासाठी काढलंत? जानेवारी २०१९ मध्ये मदतीचं पॅनेल आलं. नवा सदस्य संपादन करत असतानाच, तिथल्या तिथे मदतीचे दुवे आणि समुदायाला प्रश्न विचारायची सोय. मे २०१९ मध्ये नवागतांचं मुखपृष्ठ आलं, त्यावर त्यांना एक अनुभवी सदस्य मार्गदर्शक म्हणून नेमून दिलेला. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये 'सुचवलेली संपादनं' आली. म्हणजे तुम्ही कोणता लेख उघडावा आणि त्यात काय करावं, हे पानच सुचवतं. या लेखात दुवे हवेत, त्या लेखाचं शुद्धलेखन तपासायचंय, या लेखाला संदर्भ हवेत. ही कामं काही नव्याने शोधून काढावी लागली नाहीत. अनुभवी सदस्य लेखांवर देखभालीचे साचे आधीपासून लावतच होते. तीच कामं सोप्यापासून अवघडापर्यंत लावून नव्या माणसापुढे ठेवली.

आधीची दिशा एका वाक्यात सांगायची तर: संपादनाचं साधन सोपं करा. नंतरची दिशा: पहिलं काम सोपं निवडून द्या, आणि माणूस अडेल तिथेच मदत पोचवा. या दोन वाक्यांमधलं अंतर म्हणजे बदललेला निर्णय. तुमच्या अर्जात अशी दोन वाक्यं शेजारीशेजारी ठेवता आली, तर अर्धं काम झालं.

आणि इथे एक खबरदारी. फक्त या मुलाखतींमुळेच सगळं झालं असं म्हणणं बरोबर ठरणार नाही. २०१५ चा प्रयोग आधी झाला होता, समुदायातले जुने लोक बऱ्याच गोष्टी वर्षानुवर्षं सांगत होते, नव्या सदस्यांसाठीचे लहानमोठे प्रयोगही आधी झाले होते. मुलाखतींनी त्या विखुरलेल्या गोष्टींना एक रचना दिली, आणि टीमला त्या रचनेवर उभं राहून कामं ठरवता आली. संशोधनाचा वाटा बहुतेक वेळा असाच असतो.

मोजलं तेव्हा काय दिसलं

आता साखळीची शेवटची कडी, आणि अर्जांमध्ये सर्वांत जास्त गडबड इथे होते.

ग्रोथ टीमने आपल्या सोयी सगळ्यांना एकदम दिल्या नाहीत. नव्या खात्यांपैकी काहींना मुद्दाम त्या सोयींविना ठेवलं, म्हणजे तुलना करता येईल. मदतीच्या पॅनेलचं काय झालं? लोकांनी ते उघडलं, त्यातून प्रश्नही विचारले. पण पहिलं संपादन करणाऱ्यांचं प्रमाण किंवा परत येणाऱ्यांचं प्रमाण त्याने वाढल्याचं मोजमापात दिसलं नाही.

मुलाखतींचा निष्कर्ष खोटा ठरला का? तर नाही. नव्या माणसाला मदत सापडत नाही, हे निरीक्षण खरंच होतं. पण पॅनेल दिलं की तो टिकेल, हा मुलाखतीतून निघालेला निष्कर्ष नव्हता. ती टीमने लढवलेली एक युक्ती होती. निष्कर्ष आणि त्यावरचा उपाय यांच्यामध्ये एक उडी असते, आणि ती उडी मुलाखतींच्या जिवावर मारता येत नाही. तिला वेगळं तपासावं लागतं. आपल्या शिक्षिकाबाईंकडे पाहा. पॅनेल असतं तरी त्यांना प्रश्न पडलाच नसता, कारण आपण चुकतोय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ज्याला प्रश्न पडतो त्यालाच पॅनेलचा उपयोग.

सुचवलेल्या संपादनांचं मात्र वेगळं झालं. २०२० मध्ये टीमने जे निकाल प्रसिद्ध केले त्यात दिसलं, की ही सोय मिळालेले नवे सदस्य पहिलं संपादन करण्याची शक्यता जास्त होती, ते संपादनंही जास्त करत होते, आणि त्यामुळे कामाचा दर्जा घसरल्याचं दिसलं नाही. त्यानंतर या सोयी आणखी भाषांच्या विकिपीडियांवर गेल्या.

आता अर्जात लिहू या

समजा, त्या अभ्यासात काम केलेली एखादी संशोधक आज अर्ज भरतेय. तिच्यासाठी आम्ही नमुन्याचं उत्तर तयार केलंय. तिने ते असं लिहावं:

"नवे संपादक टिकत नाहीत, याचं मुख्य कारण अवघड संपादक हे आहे, असं गृहीत धरून कामाची दिशा ठरत होती. सोपा संपादक देऊन केलेल्या प्रयोगात टिकण्याच्या प्रमाणात फरक दिसला नव्हता, आणि का, हे आकडे सांगत नव्हते. म्हणून आम्ही दोन मध्यम आकाराच्या विकिपीडियांवर नव्या आणि अनुभवी संपादकांच्या मुलाखती घेतल्या. प्रत्येकाकडून त्याच्या खऱ्या संपादनाची हकीकत क्रमाने ऐकली. त्यातून दिसलं, की तांत्रिक अडचणींच्या जोडीला संकल्पनेच्या आणि सांस्कृतिक अडचणीही आहेत. पुष्कळ नवे लोक पहिलंच काम फार अवघड निवडतात, आणि मिळालेली मदत त्यांना दिसत नाही. यानंतरच्या टीमने संपादकाच्या सुधारणेऐवजी पहिल्या दिवसाच्या अनुभवावर भर दिला. मदतीच्या पॅनेलने मोजमापात फरक पडला नाही, सुचवलेल्या सोप्या कामांनी पडला. माझा वाटा मुलाखतींचा आराखडा, त्यांतल्या काही मुलाखती आणि अडचणींची वर्गवारी एवढा होता. सोयींची रचना आणि मोजमाप इतरांनी केलं."

पाहा, यात अॅफिनिटी मॅपिंग हा शब्द नाही, पर्सोना नाहीत. तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. आधी काय मानलं होतं, ते का डळमळलं, कोणाला काय विचारलं, काय दिसलं, निर्णय कुठून कुठे गेला, पुढे काय झालं आणि त्यात माझं किती. पॅनेलचं अपयशही त्यात आहे. ते लपवलं असतं तर उत्तर गुळगुळीत झालं असतं. ठेवलं म्हणून वाचणाऱ्याचा बाकीच्या वाक्यांवरही विश्वास बसतो.

घसरण्याच्या जागा

तीन ठिकाणी माणसं पाय घसरून पडतात. तेवढ्या सांगतो आणि प्रश्नांकडे वळू.

पहिली जागा टक्केवारीची. दहा मुलाखती घेतल्या, सात जणांनी एक गोष्ट सांगितली, आणि अर्जात लिहिलं "७०% वापरकर्त्यांना ही अडचण येते." हे वाक्य लिहिलंत तर जाणकार वाचणारा तिथेच थांबतो. मुलाखतीसाठी माणसं आपण हेतुपूर्वक निवडतो, ती लोकसंख्येचा नमुना नसतात. "दहापैकी सात जणांनी सांगितलं" इथपर्यंत ठीक आहे. उरलेल्या तिघांचं काय वेगळं होतं, हे लिहाल तर अधिक चांगलं. बरेचदा खरा शोध त्या तिघांतच दडलेला असतो.

दुसरी जागा मागण्यांची. "वापरकर्त्यांनी डार्क मोड मागितला, आम्ही दिला." याला संशोधन म्हणत नाहीत, ही फर्माईश झाली. लोक काय मागतात त्याच्या मागे ते कशात अडकलेत, ते सांगता आलं पाहिजे. आपल्या शिक्षिकाबाईंना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "माझा लेख उडवू नका." तसं बटण काही बनवता येत नाही.

तिसरी जागा श्रेयाची. 'आम्ही' आणि 'मी' यांची सरमिसळ. टीमचं काम 'आम्ही'ने सांगा, स्वतःचा वाटा 'मी'ने सांगा, आणि दोन्ही एकाच परिच्छेदात ठेवा. मुलाखतीच्या वेळी समोरचा तुम्ही लिहिलेल्या 'मी'लाच हात घालतो. तिथे पायाखाली जमीन असायला हवी.

आता प्रश्न घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, आमच्या अभ्यासानंतर निर्णय बदललाच नाही. मॅनेजरने अहवाल वाचला आणि आधी ठरलेलंच बांधलं. मग अर्जात काय लिहू?

उत्तर: तेच लिहा, पण पूर्ण लिहा. निर्णय काय होता, तुमच्या मुलाखतींनी त्यातलं कोणतं गृहीतक डळमळीत केलं, आणि तरी तो का बदलला नाही. वेळ संपला होता? कंत्राट झालं होतं? की अहवाल निर्णयानंतर पोचला? हे शेवटचं कारण फार वेळा असतं, बरं का. ज्याने हे ओळखलंय तो पुढच्या वेळी आधी विचारतो, की हा निर्णय कोण आणि कधी घेणार आहे, आणि मुलाखतींचं वेळापत्रक त्यावरून मागे मोजत आणतो. बांधून झाल्यावर काय झालं, हे माहीत असेल तर तेही लिहा. तुमची भीती खरी ठरली असेल तर ती मिरवू नका, फक्त सांगा. खोटी ठरली असेल तर तेही सांगा.

प्रश्न: माझं काम कंपनीच्या गुप्ततेच्या करारात आहे. आकडे देता येत नाहीत, प्रॉडक्टचं नावही नाही.

उत्तर: आपण आत्ता लिहिलेलं उत्तर पुन्हा आठवा. त्यात मोजमापाचा आकडा किती वेळा आला? एकदाही नाही. 'विकिपीडिया'च्या जागी 'लोकांनी मिळून लिहिलेला एक ज्ञानकोश' म्हटलं असतं तरी साखळी तशीच राहिली असती. नाव, आकडे, पडद्याची चित्रं काढून टाका, गृहीतक आणि त्याचं वळण ठेवा. एक गोष्ट मात्र करारात असो वा नसो, पाळायचीच. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांची ओळख पटेल असं काही अर्जात नको. नाव काढलं म्हणजे झालं असं नाही. "अमुक तालुक्यातली एकमेव महिला डॉक्टर" असं लिहिलंत तर नावाची गरजच उरत नाही. त्यांनी तुमच्याशी बोलायला होकार दिला होता तो त्या अभ्यासापुरता. तुमच्या नोकरीच्या अर्जात झळकायला त्यांनी होकार दिलेला नाही.

प्रश्न: उत्तर किती लांब असावं?

उत्तर: अर्जात जागा दिली असेल तेवढं. दिली नसेल तर शंभर-सव्वाशे शब्द पुरतात, आपलं नमुन्याचं उत्तर साधारण तेवढंच आहे. लिहून झालं की ते शेजारच्या माणसाला वाचायला द्या, ज्याला यूएक्स म्हणजे काय हेही माहीत नाही अशाला. आणि एकच विचारा: "आधी काय करणार होते आणि मग काय केलं?" त्याला दोन्ही सांगता आलं तर अर्ज पाठवा. आधीचं सांगता आलं नाही तर पहिलं वाक्य पुन्हा लिहा, बहुतेक वेळा चूक तिथेच असते.